तंतू मोजल्याने ग्लायसेमिक निर्देशांक कळत नाही

आहारतज्ज्ञांच्या नोंदणी परीक्षेची तयारी करणाऱ्यांना एका धाटणीचे प्रश्न परिचित असतात. ‘मधुमेही व्यक्तीसाठी पुढीलपैकी कमी ग्लायसेमिक निर्देशांकाचे धान्य कोणते?’ असे विचारलेले असते. पर्यायांत नाचणी असते आणि ‘नाचणीत तंतू भरपूर, म्हणून निर्देशांक कमी’ हे कारण बरोबर मानलेले असते. माझ्या मते हे कारण चुकीचे आहे आणि अशा प्रश्नांतून चुकीचे अनुमान पक्के होते. बंगळुरूत तर याची किंमत थेट ताटात मोजावी लागते, कारण येथे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, म्हणजे रागी मुद्दे, हे अनेकांचे रोजचे जेवण आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११.२ ग्रॅम तंतू असतात. त्यांपैकी ९.५ ग्रॅम अविद्राव्य असून विद्राव्य तंतू जेमतेम १.७ ग्रॅम आहेत. गव्हाच्या कणकेचे आकडेही जवळजवळ हेच आहेत. रक्तशर्करेची चढण मंदावते ती प्रामुख्याने आतड्यात दाट, चिकट द्रव तयार करणाऱ्या तंतूंमुळे. ओट व बार्लीतील बीटा-ग्लुकन किंवा इसबगोल ही त्याची उदाहरणे. अविद्राव्य तंतू मुख्यतः मलाचे आकारमान वाढवतात. ते अखंड दाण्याच्या भिंती म्हणून उभे असतील तर स्टार्चला आडोसा देतात. मात्र दाणा दळून बारीक पीठ झाले की तो आडोसा बहुतांशी नाहीसा होतो. त्या पिठाला उकड आली की स्टार्च फुगतो आणि पाचकरसांना सहज सापडतो. म्हणूनच पाश्चात्त्य तक्त्यांत पांढरा पाव आणि संपूर्ण गव्हाच्या पिठाचा पाव यांचे सरासरी निर्देशांक ७५ आणि ७४, म्हणजे जवळपास सारखेच दिसतात.

‘विद्राव्य म्हणजे शर्करा रोखणारे’ हे समीकरणही पुरते खरे नाही. इन्युलिन पाण्यात विरघळते, पण दाटपणा फारसा आणत नाही. म्हणून तंतूंविषयी विचारताना विद्राव्यतेबरोबर चिकटपणा आणि आतड्यातील किण्वन हेही विचारले पाहिजे.

आता निर्देशांकाच्या मापनाकडे वळू. १९८१ साली डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. चाचणीच्या अन्नातून ५० ग्रॅम उपलब्ध, म्हणजे पचून शोषली जाणारी, कर्बोदके द्यायची, दोन तास रक्तशर्करा मोजायची आणि आलेखाखालील वाढीव क्षेत्रफळाची तुलना त्याच व्यक्तीने घेतलेल्या ५० ग्रॅम ग्लुकोजशी करायची. ‘उपलब्ध’ या शब्दातच परीक्षार्थींची सर्वांत सामान्य गफलत दडलेली आहे.

समजा, प्रश्न असा आहे: मुद्देतून ५० ग्रॅम उपलब्ध कर्बोदके हवी असल्यास नाचणीचे पीठ किती घ्यावे? भारतीय तक्त्यात कर्बोदके ६६.८ ग्रॅम दिली आहेत. ‘तंतू वजा करा’ हा नियम पाठ असलेला विद्यार्थी ६६.८ मधून ११.२ वजा करतो, त्याला ५५.६ मिळतात आणि तो ९० ग्रॅम पीठ सांगतो. परंतु या तक्त्यात ओलावा, प्रथिने, मेद, राख यांच्यासोबत तंतूही आधीच वजा केलेले आहेत. योग्य उत्तर ७५ ग्रॅम. ९० ग्रॅम पिठातून प्रत्यक्षात ६० ग्रॅम कर्बोदके जातील: चाचणीत निर्देशांक फुगलेला येईल आणि रुग्णाच्या आहारयोजनेत एकेका जेवणात १० ग्रॅम जास्तीचे शिरतील. अमेरिकी तक्त्यांत एकूण कर्बोदकांमध्ये तंतू धरलेले असतात. तेथे वजाबाकी करावीच लागते. तक्ता कोणता हे न सांगता विचारलेल्या अशा प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात.

नाचणी वाईट आहे, असे मला म्हणायचे नाही. तिच्यातील कॅल्शियम मोलाचे आहे आणि सालीतील पॉलिफेनॉल पचनाचा वेग काहीसा कमी करू शकतात. पण परिणाम दळण, शिजवण आणि वाढलेल्या प्रमाणावर ठरतो. उदाहरणादाखल निर्देशांक ७० धरला, तर ७५ ग्रॅम पिठाच्या मुद्देचा ग्लायसेमिक भार ३५ होतो. पीठ निम्मे केल्यास तो साडेसतरावर येतो, निर्देशांक मात्र तोच राहतो.

म्हणून प्रश्नकर्त्यांनी धान्याचे नाव नव्हे, पदार्थ द्यावा: पीठ किती, कसे शिजवले, आकडे कोणत्या तक्त्यातले, सोबत काय वाढले. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना संलग्न आरोग्य व्यवसायांच्या नियमनाखाली आणले आहे. त्यांच्या पात्रतेची कसोटी घेताना ‘नाचणी’ या उत्तरावर गुण देण्यापेक्षा ७५ आणि ९० ग्रॅममधला फरक ओळखणाऱ्याला गुण द्यावेत. रुग्णासमोर बसल्यावर त्याला तोच फरक ओळखावा लागणार आहे.