गुत्त्याची सोंगणी आणि आपली कंबर

लोणारकडं सोयाबीनची सोंगणी एकरी गुत्त्यानं होते. लवकर उरकलं तर रोज जास्त पडतो, म्हणून वाकलेला माणूस तासभर सरळ होत नाही. तेवढ्यात कंबरेचे आतले पट्टे ताणून सैल पडतात, अन् लगेच भारा उचलला की चमक भरते.

आमचं म्हणणं असं, की दर 20 मिनिटांनी टोळीतल्या एकानं हाळी द्यावी. सगळ्यांनी उभं राहून, हात कंबरेवर ठेवून पाचदा हळूच मागं वाकावं. भारा उचलण्याआधी तर हे कराच. उचलताना गुडघ्यात वाकून भारा पोटाशी धरावा, वळताना पावलं फिरवावीत. गुडघा दुखत असंल तर भारा लहान बांधावा.

कळ पायात उतरली, पाय बधिर झाला तर दवाखाना गाठावा. लघवी अडली तर त्याच घडीला.

एकटा थांबला तर मागं पडतो, म्हणून सगळ्या टोळीनंच थांबावं.