सहा सोबती, पाच घड्याळे

एका बाकावर शिकलेली मुले मोठी होऊन देशोदेशी पांगतात, आणि गावच्या एखाद्या कामाचा सर्वांनी मिळून विचार करावयाचा झाला की मोबाईलच्या पडद्यावर एकत्र जमतात. पहिली दहा मिनिटे हास्यविनोदात जातात. पुढे दोघे बोलत राहतात आणि बाकीचे ‘होय, होय’ म्हणत घड्याळाकडे पाहू लागतात. तासाभराने सर्वजण थकलेले असतात, आणि हाती कल्पना मात्र चारपाच! हा सोबत्यांचा आळस नव्हे, वाचकहो; दोष बैठकीच्या घडणीचा आहे.

अमेरिकेतील जाहिरात-व्यावसायिक ॲलेक्स ऑस्बोर्न यांनी १९५३ साली आपल्या ग्रंथात असे सामुदायिक विचारमंथन पुरस्कारिले. टीका मागाहून करावी, आधी कल्पनांची रास पडू द्यावी, हे त्यांचे मुख्य सांगणे. तथापि १९५८ साली येल विद्यापीठात याची परीक्षा झाली, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा, एकेकटे बसून विचार केलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज अधिक भरली. पुढे १९८७ साली डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी त्याचे मोठे कारण दाखविले : एकजण बोलत असता इतरांना थांबावे लागते, आणि थांबता थांबता सुचलेले मनातच विरून जाते. पडद्यावरील बैठकीत तर आवाज क्षणभर उशिरा पोचतो, आणि दोघे एकदम बोलले की दोघांचेही कळत नाही. म्हणून कल्पना सुचविण्याचे काम लिहून करावे. बोलणे निवडीसाठी राखावे.

समजा, खानापूर तालुक्यातील एका गावचे सहा सोबती आहेत. एकजण गावीच आहे, दुसरा मडगावला. बाकीचे दुबई, लंडन, टोरोंटो आणि मेलबर्न येथे. जानेवारी महिना आहे. ‘गावाचे वाचनालय कसे सुधारावे?’ असा ऐसपैस प्रश्न घेऊ नये. त्यातून उपदेश तेवढा निघतो. ‘उन्हाळी सुटीत रोज संध्याकाळी मुले वाचनालयात यावीत म्हणून काय करता येईल?’ असा एका वाक्याचा प्रश्न गावच्या सोबत्याने गुरुवारी धाडावा. प्रत्येकाने आपल्या सवडीने तीन कल्पना लिहून शनिवारपर्यंत त्याच्याकडेच पाठवाव्या. सर्वांच्या समाईक गटात नव्हे, कारण पहिली कल्पना दिसली की पुढच्या पाचांचे मन तिच्याच मागे धावते. ज्याला लिहिणे जड जाते त्याने बोलून ध्वनिमुद्रण पाठवावे. अशा अठरा कल्पनांना क्रमांक द्यावे, नावे गाळावी, आणि यादी सर्वांना रवाना करावी.

बैठक रविवारी आपल्या संध्याकाळी साडेपाचला ठेवावी. तेव्हा दुबईत चार वाजलेले असतात, लंडनला दुपारचे बारा, टोरोंटोला सकाळचे सात आणि मेलबर्नला रात्रीचे अकरा. सर्वांना सोयीची वेळ या पाच घड्याळांत नाहीच, हे आधीच मान्य करावे. पुढील खेपेस जागरणाची पाळी दुसऱ्यावर यावी. मार्चमध्ये विशेष जपावे. कॅनडातील घड्याळे दुसऱ्या रविवारी एक तास पुढे सरकतात, लंडनची शेवटच्या रविवारी, आणि आपली मुळीच नाहीत. म्हणून निमंत्रणात प्रत्येकाची स्थानिक वेळ स्वतंत्र लिहावी.

बैठक पन्नास मिनिटांची पुरे. पाच मिनिटे क्षेमकुशल. मग आठ मिनिटे सर्वांनी आवाज बंद करून, चेहरे मात्र दिसू देऊन, यादी वाचावी आणि दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घालून लिहावी. ही शांतता प्रथम अवघड वाटते, कोणीतरी ‘ऐकू येते ना?’ म्हणून विचारतोच; ती मोडू नये. समजा सातवी कल्पना ‘मोठ्या मुलांनी लहानांना गोष्टी वाचून दाखवाव्या’ अशी आहे. दुबईचा सोबती तिला जोड देतो की आपण आठवड्याला एक गोष्ट मुद्रित करून धाडू. मडगावचा म्हणतो की शेवटच्या शनिवारी मुलांनी ती नाटकरूपाने करावी. एकट्याला न सुचणारे ते येथे सुचते. नंतर प्रत्येकाला दोन दोन मिनिटे द्यावी, आणि ज्याची रात्र झाली आहे त्याला प्रथम. मग प्रत्येकाने तीन क्रमांकांना मत द्यावे, उरलेला वेळ अधिक मतांच्या दोन कल्पनांवर घालवावा, आणि मेलबर्नच्या सोबत्याला झोपू द्यावे.

उत्साह ओसरू लागल्याची खूण सोपी आहे. एकच माणूस लागोपाठ तिसऱ्यांदा बोलला, किंवा कोणी चेहरा झाकून घेतला, तर बोलणे थांबवून पुन्हा तीन मिनिटे लिहावयास बसावे. ‘बोला ना कोणीतरी’ म्हणून काही साधत नाही. गावचे नेटवर्क तुटले तरी यादीवर क्रमांक असल्यामुळे ‘सात, बारा, सोळा’ एवढा निरोप मत म्हणून पोचतो. मात्र वर्गणी कोणी किती द्यावी, हा प्रश्न या बैठकीत आणू नये. त्याला कल्पना लागत नाहीत, हिशेब लागतो. त्यासाठी दुसरा दिवस ठरवावा.