विश्लेषण : भटारखान्याची फरशी पुसूनही निसरडी का राहते?

हॉटेलच्या भटारखान्यात कुणी पाय घसरून पडला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बघून चालता येत नाही का?’ घरी पडणाऱ्याला निदान ओटा धरता येतो. इथे हातात उकळत्या रश्श्याचे पातेले असते आणि शेजारी पेटलेली कढई. तोल सावरायला हात जातो तो नेमका तिकडेच. म्हणून बघून चालण्याचा सल्ला इथे निरुपयोगी आहे. फरशीवरचा तेलाचा पातळ थर डोळ्यांना दिसतच नाही. तो थर बहुतेक वेळा आपण फडके फिरवूनच तयार केलेला असतो, हे तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

घसरणे नेमके कुठे घडते?

वडापाव आणि मिसळ विकणाऱ्या एखाद्या लहान हॉटेलचा भटारखाना डोळ्यांसमोर आणा. एका भिंतीला कढई, तिच्या बाजूला परात, समोरच्या कोपऱ्यात भांडी घासायची मोरी आणि मध्ये जेमतेम दोन माणसे जातील एवढी वाट. वड्यांचा घाणा निघाला की झारा कढईतून परातीकडे जातो आणि वाटेत तेल ठिबकते. दर घाण्याला थोडेच, पण सकाळभर. त्यात पिठाचे शिंतोडे मिसळतात. तळणारा माणूस त्याच जागी उभा असतो, त्यामुळे त्याला निसरडेपणाची सवय झालेली असते. तो सहसा तिथे पडत नाही.

पडतो तो ग्लास-बशा घेऊन येणारा पोऱ्या, आणि तोही कढईपासून तीन-चार पावलांवर. तळणाऱ्याच्या चपलेच्या तळव्याला लागलेले तेल मोरीकडे जाताना फरशीवर उमटते. तिथे मोरीतले पाणी सांडलेले असते. पाणी आणि तेल जिथे एकत्र येतात, ती जागा सर्वांत वाईट. म्हणून कढईखालची फरशी स्वच्छ ठेवली की काम झाले, हा समज चुकीचा आहे. लक्ष ठेवायचे ते कढई ते मोरी या वाटेवर.

मग फडके मारून काय बिघडते?

गर्दी ओसरली की पोऱ्या बादलीत थंड पाणी घेतो, फडके बुडवतो आणि सगळी फरशी पुसून काढतो. कढईजवळ हातभर जागेत असलेले तेल आता संपूर्ण खोलीभर पसरते, फक्त पातळ होऊन. दुसऱ्या वेळी फडके बुडवले तेव्हा बादलीतले पाणीही तेलकट झालेले असते. फरशी चमकते, मालक खूश होतो.

तेल पाण्याने निघत नाही, त्याला साबण लागतो आणि साबणाला वेळ लागतो. पद्धत अशी : आधी कोरड्या कागदाने किंवा सुती चिंधीने तेल टिपून घ्यायचे, पसरवायचे नाही. मग गरम पाण्यात तेलकटपणा काढणारे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून ओतायचे आणि पाचेक मिनिटे तसेच राहू द्यायचे. त्यानंतर राठ केसांच्या ब्रशने घासायचे, वायपरने मोरीकडे ओढायचे, स्वच्छ पाणी टाकून पुन्हा ओढायचे आणि फरशी वाळू द्यायची. द्रावण जास्त टाकले तर साबणाचाच थर उरतो आणि तोही निसरडा असतो. फरशी खरेच साफ झाली का, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. त्यावर चमचाभर पाणी टाका. पाणी सलग पसरले तर ठीक. ते थेंब धरून गोळा झाले तर तेल अजून तिथेच आहे.

ही मोठी धुलाई दुकान बंद करताना होईल. भर दुपारी तेल सांडले तर? एकाने तिथेच उभे राहून इतरांना अडवायचे, दुसऱ्याने कागद आणायचा. ‘आत्ता येतो’ म्हणून जागा सोडायची नाही, कारण त्या अर्ध्या मिनिटातच कुणीतरी तिथून जातो. कागदाचा गठ्ठा आणि द्रावणाची पिचकारी कढई ते मोरीच्या वाटेवर भिंतीला टांगलेली हवी, कोठीच्या कुलपात नको. सांडलेले तेल उकळते असेल तर गॅस बंद करून ते निवू द्यायचे. त्यावर पाणी अजिबात नाही. पीठ भुरभुरवण्याची जुनी सवयही सोडलेली बरी. पीठ थोडे तेल शोषते खरे, पण उरलेल्याचा चिकट लगदा होतो आणि तो चपलेबरोबर फिरतो. टिपलेल्या तेलकट चिंध्या शेगडीखाली कोंबू नयेत, त्या पेट घेतात.

बूट आणि चटई कशी निवडावी?

बहुतेक ठिकाणी पायात रबरी स्लिपर असते. टाच मोकळी, तळवा झिजून गुळगुळीत आणि पायावर उकळते तेल पडले तर आडोसा नाही. पुढून बंद, टाच धरून ठेवणारा आणि तळव्यावर लहान लहान ठोकळ्यांची नक्षी असलेला बूट हवा. नक्षीच्या खाचा तळव्याच्या कडेपर्यंत उघड्या पाहिजेत, म्हणजे पाऊल टेकताच तेल-पाणी बाहेर निघून जाते. खाचांत पीठ बसले की महागडा बूटही स्लिपरसारखा वागतो. म्हणून रोज तळवा ब्रशने धुवायचा.

खरेदी करताना एक फसगत होते. बुटावर ‘ऑइल रेझिस्टंट’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ तेलाने तळवा खराब होत नाही एवढाच आहे, तेलावर घसरत नाही असा नव्हे. ‘स्लिप रेझिस्टंट’ हा गुण वेगळा विचारावा लागतो. त्याच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या साबणपाणी आणि ग्लिसरीन लावलेल्या पृष्ठभागावर होतात, बेसन मिसळलेल्या तेलावर नाही. चांगला बूट धोका कमी करतो, फरशी धुण्यापासून सुटका देत नाही.

चटईच्या जागी आपल्याकडे पुठ्ठा किंवा गोणपाट टाकतात. दोन्ही तेल पितात आणि पायाखालून सरकतात. भोके असलेली जाड रबरी चटई हवी, म्हणजे तेल खाली उतरते आणि पाय कोरड्या भागावर राहतो. तिची कड उतरती असावी. मोठे पातेले धरलेल्या माणसाला पायाखालचे दिसत नाही आणि सरळ कड त्याला अडखळवते. चटई उभे राहण्याच्या जागी टाकावी. ती वाटेत अर्धीच येत असेल तर नसलेली बरी. रोज रात्री ती उचलून दोन्ही बाजूंनी धुतली नाही, तर तिच्याखाली तेलाचे तळे साचते.

नियम काय सांगतात?

1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 32 मध्ये, पाय घसरेल असे पदार्थ जमिनीवर नसावेत, असे लिहून ठेवले गेले. पण कोपऱ्यावरचे हॉटेल म्हणजे कारखाना नव्हे. अन्नसुरक्षेच्या परवान्याच्या अटींत मात्र फरशी गुळगुळीत आणि सहज साफ होणारी असावी, असे म्हटले आहे. ते जंतूंसाठी योग्यच आहे. पण मालक त्याचा अर्थ झगझगीत पॉलिश टाइल असा घेतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनानुसार पाणी सांडणाऱ्या फरशीला साधारण 20 मायक्रॉनचा खरखरीतपणा लागतो, ऑलिव्ह तेल सांडणाऱ्या फरशीला 70 चा. म्हणजे न्हाणीघरात चालणारी टाइल भटारखान्यात चालेलच असे नाही. नवी फरशी बसवणाऱ्याने दुकानात टाइलवर चमचाभर तेल टाकून बुटाने घासून पाहावे. दुकानदार कुरकुरेल, पण पैसे देण्याआधी ते कळलेले बरे. जुनी टाइल उखडणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी बुटांचे पैसे पोऱ्याच्या पगारातून कापू नयेत. कापले तर तो स्लिपरच घालणार.