मत कोठे संपते?

खाणावळीतून बाहेर पडलेला ग्राहक घरी पोहोचण्याआधीच तिच्याविषयीचा अभिप्राय इंटरनेटवर लिहितो आणि तो गावभर वाचला जातो. ग्राहकाच्या हाती आलेले हे बळ स्वागतार्हच आहे. परंतु त्या चार ओळींवर एखाद्या कुटुंबाची रोजीरोटीही टांगलेली असते. म्हणूनच मत कोठे संपते आणि आरोप कोठे सुरू होतो, हे ओळखणे अगत्याचे ठरते.

समजा, एका ग्राहकाने लिहिले : ‘उसळ बेचव होती. रात्री उलट्या झाल्या. येथे शिळे अन्न वाढतात. तेलात भेसळ आहे.’ चारही वाक्ये एकाच संतापातून आली. पण त्यांची जात एक नव्हे.

पहिले वाक्य हे निखळ मत होय. चव खरी की खोटी, हे कोणतेही न्यायालय ठरवू शकत नाही. दुसरे वाक्य वस्तुस्थिती सांगते. पण ती स्वतःवर गुदरलेली आहे. ती खरी असेल तर सांगण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. तिसऱ्या वाक्यात मात्र सीमा ओलांडली जाते. अन्न शिळे असल्याचे त्याने पाहिलेले नाही. उलट्यांवरून तसा तर्क केला आहे. साल्मोनेला जंतूंची बाधा साधारणपणे 6 ते 72 तासांनी प्रकट होते. तेव्हा दोष आदल्या दिवशीच्या जेवणाचाही असू शकतो. चौथे वाक्य तर प्रयोगशाळेखेरीज कोणी सिद्धच करू शकणार नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 40 अन्वये सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून अन्नविश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला कळवावा लागतो.

‘माझ्या मते’ हे शब्द जोडल्याने आरोपाचे मत होत नाही. विधान पुराव्याने खरे वा खोटे ठरवता येते काय, हीच खरी कसोटी.

भारतीय न्याय संहिता, 2023 च्या कलम 356 नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. तेथे केवळ सत्याचा बचाव पुरत नाही. ते सांगण्यात लोकहितही असावे लागते. सद्भावनेचा बचाव घ्यायचा, तर पुरेशी काळजी घेतल्याचे दाखवावे लागते. धनवान व्यावसायिक याच कलमाची नोटीस धाडून खऱ्या तक्रारीचेही तोंड बंद करू शकतो. अशा वेळी जपून ठेवलेले बिल आणि मोजके शब्द हेच सामान्य माणसाचे संरक्षण असते.

त्या ग्राहकाने एवढेच लिहावे : ‘सोमवारी रात्री येथे उसळ खाल्ली. ती आंबूस लागली. तक्रार केली, पण ताट बदलून मिळाले नाही. रात्री उलट्या झाल्या.’ यात न पाहिलेले काहीही नाही आणि लपवलेलेही काही नाही. निष्कर्ष काढण्यास वाचक समर्थ आहे.