ऊन, गोळी की चीक?

भातलावणीचे दिवस आले की आपल्या भागात लेप्टोच्या तापाची चर्चा सुरू होते. तेरेखोल नदीच्या अलीकडे असो वा पलीकडे, म्हणजे गोव्यातील पेडणे असो वा रेडी-शिरोड्याकडचा सिंधुदुर्ग असो, चिखल तोच, उंदीर तेच आणि रोगही तोच. लावणीसाठी चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्सीसायक्लीन या औषधाची आठवड्याला एक मात्रा, म्हणजे 200 मिलिग्रॅम, दिली जाते. ती घेऊन शेतात गेलेल्या काही जणांचे हात व मान संध्याकाळपर्यंत भाजल्यासारखी होतात. मग घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, "ऊन लागले." दुसरा म्हणतो, "गोळी सोसली नाही." माझ्या मते दोन्ही मते अर्धवट आहेत आणि या अर्धवटपणापायी लोक गोळीच टाकून देतात, हे मला फार धोक्याचे वाटते.

गोळी टाकू नये असे मी का म्हणतो? अमेरिकेच्या 940 सैनिकांवर पनामाच्या जंगलात हे औषध पारखले गेले व त्याचा अहवाल 1984 साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लीन घेणाऱ्यांपैकी एकालाच लेप्टो झाला, तर नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी वीस जणांना झाला. ते सैनिक काही आठवडेच जंगलात होते, आपण पूर्ण हंगाम चिखलात असतो, तेव्हा इतकाच लाभ आपल्यालाही होईल असे मी म्हणत नाही. पण ही गोळी फुकाची नाही, एवढे त्यावरून दिसते.

आता त्वचेचे पाहू. साधे ऊन लागते ते बहुधा दुपारच्या कडक उन्हाने. चार-पाच तासांनी कातडी हुळहुळते, दुसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो, आणि आठवड्याच्या आत सालपटे निघतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पुष्कळदा दिसतच नाही. तिथे हात गरम लागणे, सदरा घासला तरी दुखणे आणि नंतर काळवंडणे ही खूण धरावी. शिवाय वर्षभर उन्हात राबणाऱ्या माणसाला नेहमीच्या उन्हाने असे सहसा होत नाही. म्हणून तोच माणूस, तेच शेत, तेच तास, आणि यंदाच अंग भाजले, तर नवे काय घडले ते पाहावे. बहुधा नवी गोळी निघते.

डॉक्सीसायक्लीन रक्तावाटे कातडीत पोहोचते आणि उन्हातील एक प्रकारचे किरण शोषून घेते. त्या किरणांची शक्ती आजूबाजूच्या पेशींना इजा करते. ही ॲलर्जी नव्हे. औषध आणि किरण पुरेसे एकत्र आले तर कोणालाही, अगदी पहिल्या मात्रेलाही, हे होऊ शकते. आणि हे किरण ढगांतून येतात, गाडीच्या काचेतूनही येतात. पाऊस झिमझिमत आहे म्हणून ऊन नाही, असे समजणे इथे फसवे ठरते. ढग फाटून तासभर लख्ख पडले तर मग विचारायलाच नको. लक्षण लवकर येते: काही तासांतच हाताच्या पाठीवर, नाकावर, कानांच्या वरच्या कडेवर झोंबते, टोचल्यासारखे होते.

समजा, एका शेतकऱ्याने सोमवारी सकाळी न्याहारीनंतर गोळी घेतली व नऊ वाजता तरवा काढायला गेला. डोक्यावर काही नाही, सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर. संध्याकाळी त्याचे हात कोपरापर्यंत, मानेची मागची बाजू व गळ्याखालचा सदऱ्याच्या उघडीपुरता भाग झोंबू लागतो. घरच्यांनी सावलीची ठिकाणे पाहावीत. हनुवटीखाली, कानामागे, मिटल्यावर दिसणाऱ्या पापणीच्या वरच्या भागावर आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली कातडी नीट असेल, तर हे किरणांचेच काम. सदऱ्याखाली पोटावर वा पाठीवर पुरळ असेल, तोंडात फोड असतील, ओठ वा डोळे सुजले असतील किंवा श्वास लागत असेल, तर ती गोळीची ॲलर्जी असू शकते आणि तेव्हा वाट न पाहता दवाखान्यात जावे. या दुसऱ्या प्रकारात गोळी परत घेऊ नये.

चिकाचे चित्र आणखी वेगळे. काजूच्या कवचाचे तेल आणि आंब्याचा चीक कातडी जाळतो, पण त्याला ऊन लागत नाही. रात्री दिव्याखाली बिया फोडल्या तरी बोटे काळी पडतातच. लिंबाचे उलटे. रस कातडीवर राहिला आणि वर ऊन पडले, तर एखाद्या दिवसाने झोंबते, दोन-तीन दिवसांनी फोडही येतात आणि तपकिरी डाग महिने राहतो. एप्रिलमध्ये केरीच्या किनाऱ्यावर उर्राकात लिंबू पिळून मजा करणाऱ्यांच्या मनगटावर ओघळ पडल्यासारखे डाग दिसतात ते यामुळे. डाग ओघळाच्या, थेंबाच्या वा बोटांच्या ठशाच्या आकाराचा असेल, तर काय सांडले ते आठवावे. गोळीचे भाजणे असे रेघारेघांचे नसते. ते उघड्या अंगावर सगळीकडे सारखे असते.

भाजल्यावर थंड पाण्याची ओली पट्टी पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. फोड फोडू नये. टूथपेस्ट नको, आणि लिंबू तर नकोच नको! फुटलेला फोड घेऊन चिखलात उतरणे मला गोळी न घेण्याइतकेच धोक्याचे वाटते, कारण लेप्टोचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतात व फाटलेल्या कातडीतून अंगात शिरतात. ज्याच्या हातावर फोड आहेत त्याने लावणी दुसऱ्यावर सोपवावी. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही आले तर ते भाजल्याचे समजून घरी बसू नये.

आता माझी सूचना. ही गोळी आठवड्याची आहे, तर तिचा दिवस शनिवार का नसावा? शनिवारी संध्याकाळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. औषधाचा जोर दर अठरा-वीस तासांनी निम्मा होतो. रविवारी मिस्साला जाणारा शेतकरी बहुधा चिखलात नसतो. सोमवारी सकाळपर्यंत जोर पावाच्या आसपास उरतो. हंगाम संपेपर्यंत दर शनिवारी हाच नेम ठेवावा. लांब बाह्यांचा दाट विणीचा सदरा व रुंद काठाची टोपी मात्र हवीच. दिवस बदलण्यापूर्वी गोळी देणाऱ्यांना विचारावे, आणि गरोदर बाई व आठ वर्षांखालील मुलांना ही गोळी आपल्या मनाने देऊ नये. गोळी देणाऱ्यांनीही पाकिटाबरोबर उन्हाबद्दल एक वाक्य सांगावे, ही माझी मागणी आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः हायड्रोक्लोरोथायझाइड असलेल्या, असाच प्रकार करतात. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

एखाद्याचे हात बरे झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी नखे टोकाकडून सुटू लागतात. तीही याच गोळीची व उन्हाची करणी. नवे नख पुढे यायला काही महिने लागतात. तोवर नखाखालच्या पोकळीत चिखल साचू देऊ नये, कामाला जाताना रबरी हातमोजे घालावेत.