वृक्कविकारासाठी पाच दाबा

"वृक्कविकार विभागासाठी पाच दाबा."

हे वाक्य माझं आहे. एका मोठ्या खाजगी रुग्णालयाच्या हेल्पलाइनसाठी मी ते लिहिलं, शब्दामागे ठरलेल्या दरानं बिल लावलं आणि विसरूनही गेले. व्याकरण बिनचूक, शुद्धलेखन बिनचूक, इंग्रजी वाक्याशी पूर्ण इमानदार. अडचण एकच होती. ते ऐकून कोणीही पाच दाबत नव्हतं.

हे मला कळलं ते पुढे कधीतरी, एका नातेवाइकाचे रिपोर्ट आणायला त्याच रुग्णालयात गेले तेव्हा. टेलिफोन ऑपरेटर ताईंशी बोलता बोलता मी जरा मिरवलंच, की तुमच्या फोनवरचं मराठी माझं आहे. त्या हसल्या. "तुम्ही लिहिलंय होय ते? पाचवर कोणी येतच नाही. डायलिसिसवाले सगळे शून्य दाबून माझ्याकडे येतात. नाहीतर सहा दाबतात, आणि मग सहावाले माझ्यावर डाफरतात." सहावर मी 'मूत्ररोग विभाग' ठेवला होता.

तेव्हापासून माझं एक मत आहे, आणि ते व्यवसायातल्या मित्रमैत्रिणींना आवडत नाही. फोनवरच्या मेनूचं भाषांतर करणाऱ्याला मेनू बदलण्याचा अधिकार नसेल, तर त्यानं ते काम घेऊ नये. कारण तिथे चूक शब्दाची नसतेच. चूक असते ती प्रश्नाची.

इंग्रजी मेनू विचारतो, "तुम्हाला कोणता विभाग हवा?" हा प्रश्न रुग्णालयाच्या आतल्या माणसाचा आहे. विभाग कोणते, कोण कुठे बसतं, हे त्याला माहीत असतं. फोन करणाऱ्याला ते माहीत नाही, म्हणून तर तो फोन करतोय. त्याच्याजवळ एक तक्रार असते, एखादा कागद असतो, किंवा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेला एखादा शब्द असतो. मेनूनं त्यातलं काहीतरी ओळखायला हवं.

यावर दोन बाजूंनी आवाज येतात.

पहिला आवाज शुद्ध मराठीवाल्यांचा. भाषा संचालनालय १९६० पासून आहे, परिभाषा कोश तयार आहेत, ते वापरा. वापरल्याशिवाय शब्द रुळणार कसे? कोशांबद्दल मला आदर आहे, माझ्या कपाटात आहेत. पण शब्द रुळवण्याची जागा शाळा आहे, पुस्तक आहे, वर्तमानपत्र आहे. आईला डायलिसिसला न्यायचंय आणि गाडी चुकलीय, अशा माणसाच्या कानावर 'वृक्क' रुळवण्याचा प्रयोग करणं हा निर्दयपणा आहे.

दुसरा आवाज म्हणतो, मग सरळ 'नेफ्रोलॉजी' ठेवा, लोकांना इंग्रजीच कळतं. हे मत हल्ली जास्त चालतं आणि ते तितकंच चुकीचं आहे. एकदा डोळे मिटून हे तीन शब्द ऐका: नेफ्रोलॉजी, न्यूरोलॉजी, युरोलॉजी. साध्या फोन कॉलमध्ये आवाजाचा बराच भाग कापला जातो. पारंपरिक लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. त्यात 'न्यू' आणि 'यु' यांतला फरक म्हणजे नाकातला एक बारीक आवाज. एसटी स्टँडवर उभ्या माणसाला तो ऐकू येणार नाही. आणि माझ्या मराठीतही हाच दोष होता. 'वृक्क'ऐवजी 'मूत्रपिंड' घ्यावं असं मला नंतर सुचलं, पण शेजारी 'मूत्ररोग' होताच. दोन्ही 'मूत्र'नं सुरू होणारे. लोक पहिलाच ऐकून बोट टेकवतात.

मग काय करायचं? त्या एका जोडीचं आम्ही काय केलं, ते सांगते.

रुग्णालयानं मेनू नव्यानं करायला घेतला तेव्हा मी अट घातली, की आधी मला दोन दिवस ऑपरेटर ताईंच्या शेजारी बसू द्या. एक्सेलची फाइल नंतर बघू. त्या दोन दिवसांत 'वृक्क' हा शब्द एकाही माणसाच्या तोंडून आला नाही, हे सांगायला नको. पण 'मूत्रपिंड'ही आला नाही. आलं ते 'किडनी'. फक्त किडनी म्हणूनही काम भागत नव्हतं, कारण मुतखडावालेही किडनीच म्हणतात आणि डायलिसिसवालेही. मुतखड्याचं काम युरोलॉजीकडे, डायलिसिसचं नेफ्रोलॉजीकडे. एकाच शब्दात दोन वेगळे दरवाजे होते.

ऐकता ऐकता लक्षात आलं, की लोक स्वतःच ते वेगळे करतात. ज्यांचा आजार जुना आहे त्यांनी डॉक्टरांकडून दोन शब्द उचललेले असतात: 'डायलिसिस' आणि 'क्रिएटिनिन'. शाळेत न गेलेल्या आजीसुद्धा "क्रिॲटिन वाढलंय" म्हणतात. हे शब्द इंग्रजीतून आले असतील, पण त्या घरात ते आता मराठीच आहेत. आणि दुसऱ्या गटाकडे अस्सल घरगुती शब्द आहेत: मुतखडा, लघवीला अडणं. मी 'मुतखडा' लिहिला तेव्हा बैठकीत कोणीतरी नाक मुरडलं, जरा असभ्य वाटतो म्हणून. ज्याला तो झालाय त्याला तो असभ्य वाटत नाही, एवढंच मी म्हटलं.

शेवटी ठरलेली वाक्यं अशी होती:

"डायलिसिस चालू असेल, किंवा डॉक्टरांनी क्रिएटिनिन वाढलंय असं सांगितलं असेल, तर चार दाबा."

"मुतखडा असेल, किंवा लघवीला अडत असेल, तर पाच दाबा."

माझ्या कच्च्या मसुद्यात दुसऱ्या वाक्यात 'जळजळ'ही होती. तिथल्या डॉक्टरांनी ती काढायला लावली. लघवीला जळजळ होणारे बहुतेक जण आधी जनरल मेडिसिनलाच दाखवतात. त्यांना पाचवर पाठवलं असतं तर नको तिथे गर्दी झाली असती. हा निर्णय मी शब्दकोश बघून घेऊ शकले नसते. आणि वाक्यागणिक पैसे घेऊन घरी बसले असते, तर हा प्रश्न पडलाही नसता.

आता पहिल्या वाक्याकडे येते, कारण तिथे चूक झाली तर ती नुसती गैरसोय राहत नाही. इंग्रजीत होतं, 'इन केस ऑफ मेडिकल इमर्जन्सी'. मी केलं होतं, "वैद्यकीय आपत्कालीन परिस्थितीत एक दाबा." 'आपत्कालीन' म्हटलं की पूर आठवतो, भूकंप आठवतो. मग 'तातडीचं काम असेल तर' करून पाहिलं, तेव्हा उद्याची अपॉइंटमेंट हवी असलेलेही एक दाबायला लागले. आपलं काम प्रत्येकाला तातडीचंच वाटतं. म्हणून नाव सोडलं आणि खुणा सांगितल्या:

"छातीत दुखतंय, श्वास घेता येत नाही, माणूस शुद्धीवर नाही, तोंड वाकडं झालंय, हात-पाय अचानक लुळा पडलाय, रक्त थांबत नाही, किंवा साप चावलाय? लगेच एक दाबा. ॲम्ब्युलन्स हवी असेल तर एकशे आठला फोन करा."

'पान लागलं' म्हणजे साप चावला, हे ताईंनी मला शिकवलं. खेड्यातून फोन आला की त्या शब्दावर त्या दचकून सावध होतात. तो आम्ही ध्वनिफितीत घेतला नाही, कारण सगळ्या भागांत तो कळत नाही. पण फोन घेणाऱ्यांच्या यादीत तो वर लिहून ठेवला. आणि १०८ ही २०१४ पासून राज्यभर 'एकशे आठ' म्हणूनच ओळखली जाते. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज देणाऱ्यानं "एक शून्य आठ" असं सुटं वाचलं होतं. कागदावर आकडे बरोबर होते. कानाला ते अनोळखी होते.

हे वाक्य भाषा निवडण्याच्या आधी वाजतं, हे भांडून मिळवलं. आधी इंग्रजी, मग हिंदी, मग "मराठीसाठी तीन दाबा", आणि त्यानंतर छातीत दुखण्याचं, असा क्रम होता. महाराष्ट्रातल्या रुग्णालयात.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही. तुमच्या हातातल्या स्मार्टफोनला बटणं नाहीत. फोन कानाला लावला की पडदा काळा होतो. आकडा दाबायचा तर फोन खाली घ्यायचा, पडदा उजळायची वाट बघायची, कीपॅड उघडायचा. तोवर आवाज पुढच्या पर्यायावर गेलेला असतो. तुमच्या आजोबांना "मशीन बोलतं आणि फोन कट होतो" असं वाटतं ते यामुळे. तिथे थांबण्याची मुदत पाच सेकंद होती, ती आम्ही दहा करून घेतली, आणि सुरुवातीला एक वाक्य घातलं: "फोन स्पीकरवर टाका आणि आकडे उघडून ठेवा." मूळ इंग्रजीत हे वाक्य नव्हतं. म्हणजे नियमानं बघाल तर हे भाषांतर नाही.

याची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर मी खुणांच्या मेनूची भक्त ठरेन. मेनूनं निदान करू नये. "धाप लागते" हे हृदयाचं असेल, फुप्फुसाचं असेल, रक्त कमी असल्याचं असेल. अशा तक्रारीला विभाग नेमून देणारं वाक्य मी लिहिणार नाही, कितीही सोपं वाटलं तरी. तिथे एकच प्रामाणिक पर्याय आहे: "कुठे दाखवायचं ते कळत नसेल तर शून्य दाबा." आणि त्या शून्यावर खरोखर माणूस बसलेला हवा. मेनू आला म्हणून ऑपरेटर कमी करायचे, हा हिशेब बैठकीत मांडला गेला होताच. मेनू कितीही चांगला असला तरी तो हिशेब खोटा आहे.

मला कोणी म्हणतं, हे सगळं भाषांतरकाराचं काम नाही, ते रुग्णालयाचं आहे. ठीक. पण मग फोन चुकीच्या टेबलावर गेला की "मराठीत लोकांना कळत नाही" असं का म्हणतात? तो ठपका भाषेवर येतो, आणि पुढच्या वेळी मराठीचा पर्यायच गळतो. माझ्या पाच नंबरच्या वाक्यानं त्या युक्तिवादाला पुरावा पुरवला होता. म्हणून आता मी दर सांगण्याआधी एक प्रश्न विचारते: शून्य दाबल्यावर फोन कोण उचलतं, आणि त्यांच्या शेजारी मला खुर्ची मिळेल का? नाही म्हणाले, तर मी काम घेत नाही.