डावीकडून तिसरा कोण?

या अंकात परतूरच्या दहावीच्या एका तुकडीचा फोटो आहे, शाळा सोडल्यावर वीस वर्षांनी काढलेला. त्याखाली आम्ही ओळ दिली: ‘तेव्हा सरांनी उंचीप्रमाणे उभे केले होते, या वेळी पोट लपेल तिथे जो तो उभा राहिला.’ कुणा एकाचे टक्कल ओळीत घेतले नाही. थट्टा सगळ्यांची असली की सगळेच हसतात. एकट्याची झाली की तो फोटो घरी दाखवत नाही.

त्या ओळीखाली नावे आहेत. खुर्चीवरचे गुरुजी आधी, मग रांगेनुसार डावीकडून. मुलींची नावे हजेरीपटातली, सासरचे आडनाव पुढे. नाहीतर जुन्या मैत्रिणीला ती सापडायची नाही. टोपणनावे मात्र विचारूनच घेतली. जे येऊ शकले नाहीत, त्यांचीही नावे शेवटी आहेत.

गाव आणि साल तर हवेच. परतूर तालुका 1 मे 1981 पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. त्यामुळे जुन्या फोटोमागे ‘जि. परभणी’ दिसले, तर तो बहुधा त्याआधीचा, एवढा अंदाज एका शब्दावरून बांधता येतो. मोबाइलवर पुढे पाठवत गेलेल्या फोटोला मात्र मागची बाजूच नसते.

म्हणून आपल्या तुकडीचा फोटो पाठवताना सगळ्यांची नावे, गाव आणि साल त्याच दिवशी लिहून सोबत पाठवा.